कॅबिनेटची मागची बाजू: आठ महिन्यांनी उघडली तेव्हा

गेल्या महिन्यात गेम चालू असताना मशीन अडकलं आणि रीस्टार्ट केल्यावर दुसरा एसएसडी बायोसमध्येही दिसेना. दुकानदाराने न उघडताच 'गेला, नवीन घ्या' म्हणून सांगितलं. चार हजार रुपये असे सहज देणं मला पटलं नाही. घरी येऊन उजवं पॅनल काढलं, तर एसएसडी हजर! पॅनल लावलं की पुन्हा गायब.

हा एसएसडी मदरबोर्ड ट्रेच्या मागे बसतो. ट्रे आणि पॅनलमध्ये मोजून १८ मिमी जागा. २४ पिनची जाड केबल आणि सीपीयूची ८ पिनची केबल नेमक्या त्याच्या साटा पॉवर प्लगवर एकमेकींना ओलांडत होत्या. पॅनल मी गुडघ्याने दाबून बसवलं होतं, तो सगळा दाब प्लगवर येत होता. पॅनल मधोमध फुगलेलं दिसत असेल, तर आधी ही जागा तपासा.

मग सगळं सोडवलं. २४ पिनच्या वायरी पिळ न देता शेजारी शेजारी पसरवल्या आणि रबरी भोकाजवळच्या तीन हुकांना वेल्क्रोने बांधल्या. झिप टाय एकही ठेवला नाही, कारण प्रत्येक बदलाला तो कापावा लागतो आणि कापताना वायर सोलली जायची भीती. ८ पिनची केबल ट्रेच्या कडेकडेने वर नेली. आता पॅनल एका बोटाने सरकतं.

तापमानही उतरेल अशी माझी पक्की समजूत होती. खोली २९ अंशांवर असताना, तोच गेम अर्धा तास चालवून HWiNFO मध्ये पाहिलं: सीपीयू आधी ८१, नंतरही ८१. जीपीयू मात्र ७४ वरून ७७ वर गेलं! दोनदा करून पाहिलं, तेच आकडे.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. माझा एसएमपीएस मॉड्युलर नाही. उरलेल्या केबलचा गुंडा मी खालच्या श्राउडमध्ये पुढे ढकलला होता, तो पुढच्या खालच्या पंख्याला चिकटून बसला होता. पंखा फिरत होता, पण अर्धी हवा गुंड्यावर आपटत होती. गुंडा हार्ड डिस्कच्या रिकाम्या पिंजऱ्यात हलवला आणि जीपीयू पुन्हा ७४ वर आलं.

म्हणून माझं मत बदललं. हवा पुढून येते, बोर्डावरून जाते आणि मागून-वरून बाहेर पडते. ट्रेमागची पोकळी या वाटेवर येतच नाही, तिथे गुंता असला तरी तापमानाला फरक पडत नाही. फरक पडतो तो वाटेत आलेल्या केबलने. मागच्या बाजूची शिस्त प्लगवरचा दाब टाळायला आणि पुढची दुरुस्ती सोपी व्हायला हवी.

एक तक्रार राहते. या कॅबिनेटमध्ये ८ पिनसाठीचं वरचं भोक इतकं अरुंद आहे की बोर्ड बसवल्यावर प्लग त्यातून जात नाही. ती केबल बोर्डाआधीच ओढून ठेवावी लागते. एसएमपीएस बदलायचा झाला, तर मला पूर्ण बोर्ड बाहेर काढावा लागेल.