जेवताना गुरगुरणारा कुत्रा: धाक की विश्वास?

कुत्रा जेवणाच्या भांड्याजवळ गुरगुरला की एक सल्ला हमखास मिळतो: तो ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, होऊ पाहतोय, भांडं हिसकावा, त्याला उताणा दाबून धरा. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये केलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून आली, पण ते लांडगे बंदिस्त होते. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडलं. मुळात इथे प्रश्न सत्तेचा नाहीच; घास जाईल ही भीती आहे. हिसकावल्यावर ती खरी ठरते. गुरगुरण्याला शिक्षा झाली तर इशारा बंद होतो आणि पुढच्या वेळी थेट चावा बसू शकतो.

दुसरी पद्धत संथ, पण मी हीच सुचवेन. तो निवांत खातो तेवढ्या अंतरावर, समजा सहा फुटांवर थांबा, उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याकडे टाका आणि लगेच मागे फिरा. तुम्हाला पाहून तो सैल अंगाने, आशेने मान वर करू लागला की अर्धा फूट जवळ या. अंग ताठरलं, खाण्याचा वेग वाढला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर पुन्हा मागे जा. घरात लहान मूल असेल किंवा तो आधीच चावला असेल, तर पशुवैद्यांना विचारूनच सुरुवात करा.