कराडात कार्यालय, केटरर आणि लॉज: एका लग्नानंतर आणि एका मुंजीनंतर

डिसेंबरात मुलीचं लग्न झालं तेव्हाच हे लिहायला बसलो होतो, पण तेव्हा इतका भडकलो होतो की बायकोने फोन काढून घेतला. आता मे महिन्यात त्याच कार्यालयात, त्याच केटररकडून पुतण्याची मुंज केली आणि माझं मत अर्धं बदललं. अर्धंच.

कार्यालयाबद्दल फार तक्रार नाही. आदल्या संध्याकाळी पाचला किल्ली मिळते, त्यामुळे सीमांतपूजन त्याच भाड्यात बसतं. वीज मीटरप्रमाणे वेगळी, जनरेटर तासावर. किल्ली घेताना मीटरचा फोटो काढा, एवढंच.

माझं दुखणं ताटांचं. साडेतीनशे ताटांची गॅरंटी दिली होती, ताट ३१० रुपये. दुपारी सव्वातीनला केटररचा माणूस चिठ्ठी घेऊन आला: ४३८ ताटं. म्हणजे ८८ जास्तीची, २७,२८० रुपये वर. दारावर आमचे मेहुणे वही घेऊन बसले होते, त्यांच्या खुणा ३७१. "साहेब, आम्ही माणसं नाही मोजत, ताटं मोजतो. पंचवीसच्या अठरा गड्ड्या काढल्या, बारा ताटं कोरी उरली," असं तो म्हणाला. कोरी ताटं दाखव म्हटलं तर क्रेट टेम्पोत चढलेले. पैसे दिले, पण तीन महिने भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होतो.

मुंजीला हाच केटरर घेतला, कारण भावाला त्याचा मसालेभात आवडला होता. (मसालेभात आणि मठ्ठा खरोखरच चांगला, हे कबूल. जिलबी मात्र गार.) या वेळी मी तासभर बुफेच्या टोकाला, ताटांच्या गड्ड्यांशेजारीच खुर्ची टाकून बसलो. लोक हसले, हसू देत. जे दिसलं त्याने माझाच हिशोब चुकला. फोटोवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, गुरुजी, वाजंत्री, कार्यालयाच्या झाडूवाल्या बाया हे कुणीच दारातल्या वहीत नसतात, आणि जेवतात सगळे. लग्नात ते पंचवीस तरी असतील. म्हणजे ३९६. उरलेली ४२ दुसरी ताटं. आजोबा अर्धं जेवून ताट टबात ठेवतात, गप्पा मारतात, मग मठ्ठा-भातासाठी नवं ताट उचलतात. आया मुलांना जिलबीपुरतं वेगळं ताट देतात. कुणी लबाडी करत नाही, पण खरकटं ताट परत भरायला कुणी नेत नाही आणि बिल ताटावर असतं. पंगतीत हा प्रश्नच नव्हता. उठला माणूस की पान संपलं.

लग्नात पोळल्यामुळे मुंजीला कुपनं आधीच छापली होती. एक कुपन एक माणूस, वरच्या कामाच्या लोकांनाही हातात दिलेलं. शिवाय गोडासाठी वेगळ्या वाट्या आणि मठ्ठा-भातासाठी लहान डिशा मागून घेतल्या होत्या, त्यांचा हिशोब नाही. केटरर कुपनावर बिल करायला तयार झाला होता, पण ३३० रुपयांनी. मी भांडलो होतो. मग मुंजीनंतर घरी येऊन लग्नाचाच हिशोब त्या दराने मांडला: ३९६ गुणिले ३३० म्हणजे १,३०,६८०. दिले होते १,३५,७८०. ज्या फसवणुकीचं रडगाणं मी सत्तावीस हजारांचं म्हणून गात होतो, ती पाच हजार शंभरांची निघाली. बाकीचं आमच्याच पाहुण्यांनी खाल्लेलं.

तरी एक राग आहेच. मोजणी दोघांसमोर व्हायला हवी होती. गड्ड्या जेवण सुरू होण्याआधी मोजाव्यात आणि कोरी ताटं क्रेट हलण्याआधी. हे ॲडव्हान्स देताना पावतीवर लिहून घ्या. त्या दिवशी दुपारी तुमच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि गॅरंटी अंदाजापेक्षा कमीच सांगा. आकडा दोन दिवस आधी वाढवून मिळतो, खाली कुणी आणत नाही.

लॉजचं थोडक्यात. मुंबईचे पाहुणे रात्रीच्या गाडीने निघाले की पहाटे उतरतात, स्टेशन ओगलेवाडीला, म्हणजे रिक्षा आलीच. लग्नाला आम्ही दुपारी बाराला चेकआउट असलेला लॉज घेतला होता. पाहुणे पहाटे शिरले, बाराला एक दिवस संपला, संध्याकाळी निघाले तर दोन दिवसांचं भाडं. सहा खोल्या होत्या. मुंजीला चोवीस तासांचा लॉज शोधला, एसटी स्टँडजवळ, थोडा कळकट. एकाच दिवसाचं भाडं पडलं. मेहुणे अजून म्हणतात की गीझर चालत नव्हता; त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी वही घेऊन तिथंच बसा.