भारदस्त इंग्रजी की साधं? परदेशी व्यापाऱ्याला मेल पाठवण्याआधी

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या काजू फॅक्टऱ्या नुसत्या गावच्या बियांवर वर्षभर चालत नाहीत. फेब्रुवारी उजाडला, पश्चिम आफ्रिकेतला हंगाम सुरू झाला की आयव्हरी कोस्टकडे मेल जायला लागतात. तिथला व्यापारी फ्रेंचमध्ये विचार करतो, गिनी-बिसाऊचा पोर्तुगीजमध्ये. म्हणजे मेल लिहिणारा आणि वाचणारा, दोघांचंही इंग्रजी शिकून आलेलं. अशा वेळी कॉलेजात नि ऑफिसात शिकलेलं भारदस्त इंग्रजी लिहावं, की अगदी साधं? एका फॅक्टरीचा पत्रव्यवहार सांभाळताना मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी प्रकरण सांगतो. करारात केओआर 48 ठरला होता. केओआर म्हणजे 80 किलोच्या पोत्यातून किती पाउंड चांगला गर निघेल तो आकडा. माल भरण्याआधी तिकडेच 1 किलो बिया कापून पाहिल्या, त्यात 267 ग्रॅम चांगला गर निघाला. म्हणजे केओआर 47.1. माल टाकाऊ नव्हता, पण टनाला 1250 डॉलर या ठरलेल्या भावाचाही नव्हता. मी लिहिलं: ‘वी आर नॉट अव्हर्स टू टेकिंग द लॉट, बट द क्वालिटी बीइंग ऑन द लोअर साइड, वी रिक्वेस्ट यू टू मीट अस हाफवे. टिल देन, काइंडली होल्ड ऑफ ऑन शिपिंग अँड रिव्हर्ट.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. भेटायला कधी नि कुठे यायचं, असं त्यांनी विचारलं होतं, आणि खाली कंटेनर भरल्याचं कळवलं होतं. त्यांची काही चूक नव्हती. ‘मीट अस हाफवे’ म्हणजे भावात थोडं तुम्ही सरका, थोडं आम्ही, पण त्यांना त्यात भेट दिसली. ‘नॉट अव्हर्स’ हा दुहेरी नकार सोडवता सोडवता त्यातून ‘टेकिंग द लॉट’ तेवढं हाती लागलं. ‘होल्ड’ आणि ‘शिपिंग’ हे दोन्ही शब्द त्यांच्या रोजच्या ओळखीचे, पण मध्ये ‘ऑफ’ आला की अर्थ ‘थांबा’ होतो हे कोण सांगणार? ‘रिव्हर्ट’ म्हणजे ‘उत्तर द्या’ हा अर्थ तर आपल्या ऑफिसांतला. बाहेर त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं असा घेतात.

तोच मजकूर आज मी असा लिहितो: ‘द टेस्ट रिझल्ट इज केओआर 47.1. द कॉन्ट्रॅक्ट सेज 48. अवर न्यू प्राइस इज 1225 यूएस डॉलर्स पर टन. डू यू ॲक्सेप्ट धिस प्राइस? प्लीज आन्सर बिफोर 14 मार्च. प्लीज डू नॉट लोड द कंटेनर बिफोर वी अग्री.’ एका वाक्यात एकच गोष्ट, आणि प्रश्न असा की उत्तर ‘यस’ किंवा ‘नो’च येईल. 1225 हा आकडाही हवेतला नाही. 1250 ला 48 ने भागून 47.1 ने गुणलं की साधारण 1227 येतात. हे गणितही मी खाली एका ओळीत देतो, कारण आकडे समजायला भाषा लागत नाही.

आकड्यांत मात्र स्वल्पविराम टाळा. फ्रेंच लिखाणात स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह. आपण 25,000 किलो लिहितो, तो पंचवीस वाचू शकतो. तारखेत महिना अक्षरी लिहा. ‘बाय’ आणि ‘अंटिल’ यांच्यावरही भिस्त नको. पोर्तुगीजमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे ‘14 पर्यंत कधीही’ की ‘14 पर्यंत सतत’ हा घोळ होतो. ‘बिफोर’ लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

आता साध्या इंग्रजीच्या बाजूनेही एक गोष्ट तपासून घ्यायला हवी. साधं म्हणजे छोटे शब्द, असं आपल्याला शिकवलेलं असतं. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याला ते ठीक. फ्रेंच किंवा पोर्तुगीज वाचकाला ‘पुट ऑफ’पेक्षा ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट अप विथ’पेक्षा ‘टॉलरेट’ सोपा जातो, कारण असले लांब शब्द लॅटिनमधून आलेले, त्याच्या भाषेतल्या शब्दांचे सख्खे शेजारी. तेव्हा शब्दाची लांबी मोजू नका, वाचणारा कुठला ते पाहा. रत्नागिरीहून मासळी जपानला पाठवणाऱ्याला हा आधार मिळत नाही, त्याने रोजचेच शब्द धरावेत. नकारार्थी प्रश्न तर त्याने विचारूच नये. ‘डोन्ट यू वॉन्ट इन्स्पेक्शन?’ला जपानी माणूस ‘यस’ म्हणाला तर ‘बरोबर, नकोय’ असा अर्थ असू शकतो. आपण मराठीत ‘हो, नको’ म्हणतोच की.

पण शेजारी दिसणारा प्रत्येक शब्द सख्खा नसतो. एकदा फ्रेंच चालणाऱ्या बेनिनहून विचारणा आली, ‘व्हॉट इज युवर डिले फॉर पेमेंट?’ आमचे शेठ भडकले. एक रुपया थकलेला नाही आणि हा उशिराचा जाब विचारतो! पुढे मला उलगडा झाला. फ्रेंचमधल्या तशाच शब्दाचा अर्थ उशीर नसून मुदत. बिचारा विचारत होता, पैसे किती दिवसांत देता? ‘इव्हेंच्युअली’चंही तसंच. आपण ‘शेवटी घेऊच’ म्हणून लिहितो, फ्रेंच वाचकाला ते ‘झालंच तर घेऊ’ वाटतं. हे दोन शब्द मी वापरणंच सोडलं. ‘इन हाऊ मेनी डेज’ लिहावं, आणि माल घ्यायचाच असेल तर थेट ‘वी विल बाय’.

‘मे’ या शब्दाबद्दलचा धडा बोटीवरच्या लोकांकडून घ्यावा. आपल्याकडे बोटीवर गेलेलं माणूस दर चार घरांत सापडतं, कुणालाही विचारा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजांसाठी ठरावीक इंग्रजी वाक्यं स्वीकारली. त्यांत जहाजांच्या ठरलेल्या वाटेत शिरण्यासाठी ‘मे आय एंटर द फेअरवे?’ असं विचारायचं नाही. म्हणायचं, ‘क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?’ कारण ‘मे’मध्ये परवानगीही आहे आणि शक्यताही. आमच्या मेलमध्ये ‘यू मे लोड आफ्टर 20 मार्च’च्या जागी ‘यू हॅव अवर परमिशन टू लोड आफ्टर 20 मार्च’ असतं.

साध्या इंग्रजीत एक उणीव खरीच आहे. ते रुक्ष वाटतं. ‘डू नॉट लोड’ हे आपल्या कानाला दरडावल्यासारखं लागतं, आणि समोरचाही शिष्टाचार मानणारा असतो. पण त्यावर उपाय म्हणून वाक्य वाकवू नका. आदर वेगळ्या ओळीत ठेवा. सुरुवातीला नाव घेऊन नमस्कार, रिपोर्ट वेळेवर पाठवल्याबद्दल आभार, शेवटी शुभेच्छा. मधला कामाचा मजकूर सरळ राहू द्या.

भारदस्त इंग्रजी मी अजून एका ठिकाणी लिहितो. दुबईत किंवा लंडनमध्ये बसलेल्या, इंग्रजीत मुरलेल्या ब्रोकरला. तिथे तुटक वाक्यं पाठवली तर आपणच कच्चे वाटतो आणि भावात त्याचा फटका बसतो.

करार आणि लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेची पैसे देण्याची लेखी हमी, यांच्या भाषेला मात्र हात लावू नका. इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन लेटर ऑफ क्रेडिटमधल्या वर्णनाशी जुळतं का, हे बँक पाहते. ‘रॉ कॅश्यू नट्स इन शेल’ सोपं करायला गेलात आणि ‘कॅश्यू’ एवढंच लिहिलंत, तर कागद अडकतील. कलम तसंच्या तसं मेलमध्ये चिकटवा आणि त्याखाली दोन साध्या ओळींत लिहा की यात तुम्हाला काय करायचंय आणि कोणत्या तारखेआधी.