मोडेमच्या मागे नवीन राऊटर लावताय? राऊटर मोड की एपी मोड

कंपनीचा माणूस फायबरचा मोडेम लावून गेला, रेंज मागच्या खोल्यांत पोचत नाही म्हणून आपण वरून नवीन राऊटर आणला, आता तो जोडायचा कसा हे आमच्या अमळनेरात मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी दोन्ही प्रकार घरी वापरलेत, म्हणून सांगतो.

आमचं घर असं आहे की पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान, मोडेम तिथेच, आणि मागे जुनं धाब्याचं घर. मातीच्या भिंती इतक्या जाड की मोडेमचं वायफाय मागे येतच नाही. म्हणून पंधरा मीटर केबल टाकून राऊटर मागे बसवला.

पहिल्यांदा मी राऊटर मोड केला, कारण तोच सगळ्यात सोपा. मोडेमच्या LAN पोर्टमधून केबल काढली, नवीन राऊटरच्या WAN पोर्टला लावली, लॅपटॉपवर राऊटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता उघडला, अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवला, कनेक्शन टाइप Dynamic IP घेतला, वायफायचं नाव दिलं, झालं. (मोबाइलवरून करत असाल तर मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर पेजच उघडत नाही. पत्त्याआधी http:// टाका, नाहीतर ब्राउझर कधी कधी सर्चवर घेऊन जातो.)

नेट चांगलं चाललं. पण दुसऱ्या दिवशी मुलीने मागून फॉर्म प्रिंटला दिला तर प्रिंटर सापडेना. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून तोच प्रिंटर व्यवस्थित चालायचा. मी ड्रायव्हर काढला, परत टाकला, प्रिंटर बंद-चालू केला, दोन दिवस त्यातच गेले. मग दोन्हींचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, बघितले तेव्हा कळलं, प्रिंटर 192.168.1.105 आणि मुलीचा लॅपटॉप 192.168.0.103. म्हणजे एका घरात दोन वेगळी नेटवर्क झाली होती. नवीन राऊटर मागच्या सगळ्यांना आपल्या आड ठेवतो, त्यामुळे मागून पुढे नेट जातं, पण प्रिंटर किंवा टीव्ही आपोआप शोधायची जी पद्धत असते ती राऊटर ओलांडत नाही. प्रिंटरचा आयपी हाताने टाकला तर प्रिंट जाते खरी, पण घरातल्या प्रत्येकाला ते कोण शिकवणार. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

एपी म्हणजे Access Point मोडमध्ये राऊटर आयपी वाटायचं काम सोडून देतो, ते मोडेमच करतो, आणि राऊटर फक्त वायफाय पसरवतो. बऱ्याच राऊटरच्या अ‍ॅडमिन पेजवर Operation Mode मध्ये Access Point असा पर्याय असतो, तो निवडून सेव्ह केलं की राऊटर रीस्टार्ट होतो, केबल बहुतेक राऊटरमध्ये WAN पोर्टलाच राहिली तरी चालते.

माझ्या राऊटरमध्ये तो पर्याय नव्हता, त्यामुळे हाताने केलं, आणि इथे क्रम चुकवू नका. मोडेमची केबल आधी काढून ठेवा, लॅपटॉप केबलने राऊटरच्या LAN ला जोडा. मोडेम 192.168.1.1 वर होता म्हणून राऊटरचा LAN आयपी 192.168.1.2 केला (मोडेम वाटतो त्या पत्त्यांपैकी हा नसावा, माझा मोडेम 100 पासून पुढे वाटतो). पेज तुटतं, घाबरू नका, नवीन पत्त्यावर परत लॉगिन करा. मग DHCP Server, म्हणजे राऊटरचं पत्ते वाटायचं काम, बंद करा, सेव्ह करा, आणि शेवटी मोडेमची केबल WAN ला नाही, LAN पोर्टला लावा.

DHCP बंद करायचं राहिलं तर गंमत वेगळीच, एखाद्या मोबाइलवर नेट चालतं, एखाद्यावर नाही, कारण दोघे पत्ते वाटतात. मोबाइलच्या वायफाय डिटेल्समध्ये गेटवे, म्हणजे मोबाइल ज्याच्यातून बाहेर जातो तो पत्ता, बघा, 192.168.1.1 पाहिजे, 192.168.1.2 दिसलं तर तेच कारण.

मला एपी मोडचाही एक तोटा जाणवतो, मुलांच्या वेळेचं बंधन, पाहुण्यांचं वेगळं वायफाय असल्या नवीन राऊटरच्या सोयी बऱ्याचदा चालत नाहीत किंवा अर्धवट चालतात. मागे भाडेकरू राहत असतील आणि त्यांना तुमचे डिव्हाइस आपोआप सापडू नयेत असं वाटत असेल तर राऊटर मोड बरा, आयपी हाताने टाकला तर मात्र तिथवर पोचता येतं, फक्त मोडेम आणि राऊटर दोघांचा पत्ता 192.168.1.1 असेल तर राऊटरचा 192.168.10.1 असा काही करून घ्या, नाहीतर नेट येत नाही. मोडेम ब्रिज करून, म्हणजे त्याचं राऊटरचं काम बंद करून, कंपनीचं PPPoE लॉगिन राऊटरमध्ये टाकायचा तिसरा मार्गही आहे, पण त्याला कंपनीकडून युजरनेम-पासवर्ड लागतो आणि मोडेमवर लँडलाइन असेल तर आधी विचारून घ्या, ती बंद पडू शकते. मी त्या वाटेला गेलो नाही.

घरात प्रिंटर, टीव्ही, सगळं एकमेकांशी बोलायला हवं असेल तर माझ्या मते एपी मोड. पुढे-मागे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, दुकानातून मागे जाताना मोबाइल आपोआप बदलून घेतो. आणि राऊटरच्या बुडाशी पेनने 192.168.1.2 लिहून ठेवलंय, कारण स्टिकरवरचा जुना पत्ता आता उघडत नाही.