आधी प्रश्नावली की आधी कागद पाहायची नोटीस?

वाटणीच्या दाव्यात भावाची कैफियत येते आणि सातव्या परिच्छेदात एक ओळ असते: 'सन २००३ मध्ये आपसांत वाटणीपत्र होऊन मिळकती वेगळ्या झाल्या आहेत.' कागदांच्या यादीत मात्र त्या वाटणीपत्राचा पत्ता नसतो. तासगाव भागातल्या द्राक्षबागेत हिस्सा मागणाऱ्या एका बहिणीचं काम माझ्याकडे होतं, त्यात नेमकं हेच झालं. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११ खाली दोन वाटा असतात. समोरच्याला लेखी प्रश्नावली द्यायची, किंवा कैफियतीत उल्लेखलेला कागद पाहू द्या अशी नोटीस द्यायची. (व्यापारी दाव्यांना या ऑर्डरचे नियम वेगळे आहेत, इथे साध्या दिवाणी दाव्याबद्दलच बोलतो.)

प्रश्नावलीला कोर्टाची परवानगी लागते. परवानगीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा असं नियम २ सांगतो, पण अर्ज दिला की त्यावर समोरच्याचं लेखी म्हणणं, म्हणजे 'से', येणार, मग युक्तिवाद आणि मग आदेश. त्यात तारखा किती जातात हे सांगली-मिरजेत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. परवानगी मिळाल्यावर उत्तर दहा दिवसांत शपथपत्रावर यायला हवं. ते येतंही, पण ते पक्षकाराच्या तोंडचं नसतं, वकिलानं शब्द न् शब्द तोलून लिहिलेलं असतं. 'वाटणीपत्र कुठे लिहिलं?' याला 'नक्की आठवत नाही', 'कुणी लिहिलं?' याला 'गावातील जाणत्या व्यक्तीनं'. नियम ११ खाली पुढचं उत्तर मागता येतं, म्हणजे पुन्हा एक अर्ज. आधी नोटीसच, हे माझं मत ठरलं ते याच एका वैतागामुळे.

नियम १५ ची नोटीस वकिलाकडून थेट वकिलाला जाते, परवानगीचा प्रश्नच नाही. नमुना परिशिष्ट 'क' मध्ये आहे, मजकूर चार ओळींचा. फक्त कागद नेमका सांगायचा: 'कैफियतीच्या परिच्छेद ७ मध्ये उल्लेखलेलं सन २००३ चं वाटणीपत्र, मूळ, पाहण्यासाठी व नक्कल घेण्यासाठी'. 'मिळकतीची सर्व कागदपत्रं' असं लिहिलंत तर नोटीस लंगडी पडते. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत समोरच्यानं उत्तर द्यायचं आणि त्या उत्तरापासून तीन दिवसांच्या आतली वेळ कळवायची. कागद बहुधा त्याच्या वकिलाच्या ऑफिसातच पाहायला मिळतो. त्यानं टाळलं, तर पुरेसं कारण दाखवल्याशिवाय तोच कागद त्याला स्वतःच्या बाजूनं पुराव्यात वापरता येत नाही. ज्या कागदावर बचाव उभा आहे, तो दडवणं त्यालाच महाग पडतं.

कागद हातात आला की आधी स्टँपची मागची बाजू पाहावी. विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, कुणाच्या नावानं आणि कोणत्या तारखेला घेतला, हे तिथे असतं. मग नोंदणीचा दस्त क्रमांक आहे का ते पाहावं. आमच्या प्रकरणात तो नव्हता. मुलीच्या हक्काला २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी आड येते, पण ती नोंदणीकृत दस्तानं किंवा हुकूमनाम्यानं झालेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालानुसार तोंडी वाटणी अपवादानंच, आणि सार्वजनिक कागदांचा भक्कम आधार असेल तरच मानली जाते. बिननोंदणी कागदाला वजन द्यायचं तर आता फेरफार आणि सातबारा काय बोलतात, यावर सगळं आलं.

प्रश्नावली मला तेव्हा उपयोगी पडली. मोजके प्रश्न, प्रत्येकात एकच वस्तुस्थिती: 'सदर वाटणीपत्राच्या आधारे फेरफारासाठी तुम्ही तलाठ्याकडे वर्दी दिली होती काय? असल्यास तारीख सांगा.' 'सन २००४ नंतर सोसायटीचं पीककर्ज कोणत्या गटावर व कोणाच्या नावे उचललं?' याला 'आठवत नाही' म्हणणं अवघड असतं, कारण उत्तर तलाठी आणि सोसायटीच्या दप्तरातही पडलेलं असतं. 'वाटणीपत्र खोटं आहे हे खरं आहे काय?' किंवा 'साक्षीदार म्हणून कोणाला बोलावणार?' असले प्रश्न मात्र काढून टाका. पहिला उलटतपासाचा आहे, दुसरा समोरच्याच्या पुराव्यात डोकावणारा.

नोटिशीला मर्यादा आहेतच. ती पोहोचते फक्त कैफियतीत, दाव्यात, त्यांना जोडलेल्या यादीत किंवा शपथपत्रात उल्लेखलेल्या कागदापर्यंत. उल्लेख नसलेल्या, पण त्याच्या कपाटात असणाऱ्या कागदांसाठी नियम १२ खाली शपथपत्रावर यादी मागण्याचा अर्ज करावा लागतो. शिवाय नोटीस मुद्दे काढले जाईपर्यंतच द्यायची असते. प्रश्नावलीला ते बंधन नाही, म्हणून तिची घाई नको. समोरच्याच्या कैफियतीत एकाही कागदाचा उल्लेख नसेल आणि सगळी भिस्त तोंडी हकिकतीवर असेल, तर माझ्या मते आधी प्रश्नावलीच बरी. एरवी कैफियतीची प्रत मिळाली त्याच आठवड्यात नोटीस स्पीड पोस्टानं पाठवावी आणि पोचपावती फाईलला लावावी, कारण पुढे नियम १८ खाली पाहणीचा आदेश मागताना पहिला प्रश्न तिचाच येतो.