एकदा तापवलेलं दूध: ओट्यावर, फ्रीजात की विरजणात?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी सासूबाई सकाळी गंजभर दूध तापवायच्या, वर जाळीचं झाकण टाकायच्या आणि संध्याकाळचा चहा त्याच दुधाचा व्हायचा. मानेवाड्याला राहायला आल्यावर मीही तेच केलं. डिसेंबरात चाललं. मे महिन्यात एका संध्याकाळी चहा उकळताना दूध फाटलं, पण आंबट वास अजिबात नव्हता. चाखून पाहिलं तर कडवट. गवळी म्हणाला, "बाई, पहाटे चारचं दूध हाय, पाणीबी नाही घातलं." तो खरंच बोलत होता. चूक ओट्यावर झाली होती.

उकळल्यावर दुधातले जिवंत जंतू मरतात. क्षय, ब्रुसेला, टायफॉइड यांची भीती जाते, म्हणून गवळ्याचं दूध कच्चं पिऊ नये हे बरोबरच. पण बॅसिलस जातीच्या जंतूंची बीजं उकळीतूनही वाचतात. दूध कोमट झालं की ती उगवतात. दूध आंबट करणारे जंतू तर उकळीत मेलेले असतात, त्यामुळे हे दूध न आंबटता, प्रथिनं तुटून कडू होतं आणि फाटतं. म्हणजे नाकाने ओळखण्याची आपली सवय इथे फसते.

ओट्यावर ठेवण्याचा हिशेब असा. सकाळी सातला तापवलेलं दोन लिटर दूध साडेनवापर्यंत कोमट होतं. मे महिन्यात स्वयंपाकघर दुपारी अडतीस-चाळीस अंशांवर असतं, म्हणजे दूध त्याहून थंड होतच नाही, आणि हीच या जंतूंच्या आवडीची ऊब आहे. अशा उबेत ते साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरा. पाच तासांत हजारपट, दहा तासांत दहा लाखपट. मिलिलिटरमागे दहा बीजं असली तर दुपारी अडीचला दहा हजार, संध्याकाळी साडेसातला कोटी. पोट बिघडायला लाखाच्या आसपासही पुरतात. दुपारी अडीच आणि संध्याकाळी साडेसात यांत फरक आहे तो हा.

"चहात उकळतंच ना!" असं माझी जाऊ म्हणते. उकळीने वाढलेले जंतू मरतात, हे खरं. पण यातल्या काही जातींचं उलटी आणणारं विष उकळीला दाद देत नाही. ते एकदा तयार झालं की कितीही उकळा, राहतंच.

फ्रीज असेल तर प्रश्नच उरत नाही, फक्त गरम गंज तसाच आत ढकलू नये. तो तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारच्या वस्तूही तापवतो. परातीत पाणी घालून गंज त्यात ठेवायचा, दूध स्वच्छ डावाने हलवायचं आणि पाणी तापलं की बदलायचं. मात्र उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळीच गरम येतं, तेव्हा माठातलं घ्या. हाताला कोमट लागलं की फ्रीजात. मग संध्याकाळच काय, दुसऱ्या दिवशीचा चहाही निर्धास्त होतो.

घरी कोणीतरी असतं पण फ्रीज नाही, तर चार-चार तासांनी पुन्हा उकळी आणा: सकाळी सात, अकरा, तीन. जंतू वाढून विष करण्याआधीच दर वेळी कापले जातात. गॅस जास्त लागतो, दूध आटतं, आणि एक वेळ चुकली की हिशेब बिघडतो. गंजाला ओलं फडकं गुंडाळायची जुनी युक्ती मे महिन्याच्या कोरड्या हवेत बरीच चालते, दूध खोलीपेक्षा चांगलंच थंड राहतं. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा कुलरसारखीच तीही निकामी. पण फडक्याने दूध जेमतेम तीस अंशांच्या आसपास येतं, म्हणून तिच्या भरवशावर संध्याकाळ गाठू नका.

दोघंही साडेनवाला बाहेर पडता आणि फ्रीज नाही? मग मला सगळ्यांत आवडतो तो मार्ग विरजणाचा. चहापुरतं दूध सकाळीच वापरा, उरलेल्याला कोमट असताना चमचाभर ताजं दही लावा. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं आणि त्यातला आंबटपणाच त्या बीजांना उगवू देत नाही. संध्याकाळी मठ्ठा होतो, चहाला मात्र पाव लिटर नवं दूध आणावं लागतं.

पिशवीचं दूध घेऊन सुटका होईल असं वाटत असेल तर तीच बीजं त्यातही असतात. पिशवीही ओट्यावर टाकायची नसते.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे अजूनही एकदा तापवलेलं दूध दुपारी बारा-एकपर्यंत बाहेर राहतं. त्यापुढचं, सासूबाई काहीही म्हणोत, लहान मुलाच्या पेल्यात मी ओतत नाही. होळी झाली की ओट्यावरचा गंज सकाळी साडेआठलाच परातीत जातो.