गाडी घ्यायच्या आधी आरसीवर नाव असलेल्या माणसाला एक फोन करा, माझे पन्नासएक हजार त्या एका फोनअभावी गेले

गाडी घेऊन चार महिने झाले होते आणि एका रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. चिंचवडचे एक काका बोलत होते. म्हणाले, "अहो माझ्या मोबाईलवर सिग्नल तोडल्याचं चलन आलंय, गाडी तर मी कधीच दिली, त्या डीलरला फोन केला तर त्याने तुमचा नंबर दिला." मी माफी मागितली, चलन लगेच भरतो म्हणालो. मग काका सहज म्हणाले, "बरी चालतेय ना स्विफ्ट? मी दिली तेव्हाच एक लाख बारा हजार झाले होते."

माझ्या मीटरवर तेव्हा ६१ हजार होते. घेतली तेव्हा ५८ हजार.

मी त्याच संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. चांगला माणूस, चहा पाजला, सर्व्हिसची फाईल काढून दाखवली. २०१७ ची पेट्रोल स्विफ्ट, दर दहा हजाराला सर्व्हिस केलेली, आणि मधे एक मोठं बिल होतं, २०२० मध्ये हायवेला पुढून ट्रकला धडकली होती त्याचं. काकांनी नवीन गाडी घेताना ही शोरूमला एक्सचेंजमध्ये दिली आणि त्यांना मिळाले ३ लाख ४० हजार. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या होत्या, घेणाऱ्याचं नाव रिकामं. त्या सह्यांवरच गाडी हातोहात फिरत माझ्यापर्यंत आली आणि आरसी मात्र काकांच्याच नावावर राहिली. उद्या माझ्या हातून काही अपघात झाला असता तर कोर्टाची नोटीस काकांना गेली असती, कारण सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार.

गाडीत गडबड आहे असं मला तसं आधी वाटायला लागलं होतं. पुढची डावी टायर आतल्या बाजूने झिजत होती, दोनदा अलाइनमेंट केली तरी तेच. टायरवाल्याने बोनेट उघडायला लावलं आणि बोट ठेवून दाखवलं. उजव्या एप्रनवर, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, कंपनीच्या वेल्डिंगचे छोटे गोल खड्डे ठराविक अंतरावर होते, सीलंटची रेघ सरळ. डावीकडे खड्डे नव्हतेच, सीलंट बोटाने फासल्यासारखं, आणि बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने खरवडलेला. तो म्हणाला "दादा, लेग म्हणजे चॅसीचा पुढचा दांडा ओढून सरळ केलाय, ही अलाइनमेंट कधीच नीट बसणार नाही." डीलरने मला "नॉन ॲक्सिडेंटल, लेडी ड्रिव्हन" म्हणून दिली होती आणि मी नवा पेंट, नवे सीट कव्हर बघून भुललो.

नंतर माझ्या ओळखीतला एक जण, जो बारा वर्षं हाच धंदा करतोय, त्याच्यासोबत बसून आम्ही कागदावर हिशोब मांडला. शोरूमला जुन्या गाड्या सांभाळायच्या नसतात, त्या लॉटमध्ये ब्रोकरला जातात, ब्रोकर दहाएक हजार ठेवतो, म्हणजे डीलरला साधारण ३ लाख ५० हजारला पडली. पेंट, पॉलिश, सीट कव्हर आणि मीटर मिळून २२ हजार धरा. यार्डवर दोन महिने उभी होती, छोटे डीलर्स बहुतेक व्याजाचे पैसे फिरवतात, महिना दोन टक्क्याने १४ हजार. झाले ३ लाख ८६ हजार. मी दिले ४ लाख ७५ हजार, म्हणजे ८९ हजारांचा फरक. तो म्हणाला सरळ व्यवहारात या रेंजच्या गाडीवर तो स्वतः ३०-४० हजार ठेवतो, आणि त्यात यार्डचं भाडं, कामाला ठेवलेल्या मुलाचा पगार येतो, ते मला पटलं. बाकीचा पैसा मीटर मागे करण्यातून आणि अपघात लपवण्यातून आला. त्याचं एक वाक्य महत्त्वाचं आहे, "आम्ही विकताना नाही कमावत, घेताना कमावतो." म्हणजे जी गाडी डीलरला स्वस्तात मिळते तिला काहीतरी कारण असतं, ते कारण आपल्याला कळलं की भाव आपोआप ठरतो.

डीलरची खरेदी किती असेल हे घरबसल्या बऱ्यापैकी कळतं. जुन्या गाड्या घेणाऱ्या कुठल्याही ॲपवर विकणारा म्हणून तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच किलोमीटर टाका. जो आकडा येईल तो खरेदीच्या बाजूचा भाव, डीलरलाही त्याच्या आसपासच पडलेली असते. त्यावर दहा-बारा टक्के ठीक, त्याच्या वर मागत असेल तर का ते विचारा. आणि गाडी त्याची स्वतःची आहे की पार्क अँड सेलची, म्हणजे मालकाने नुसती उभी करून ठेवलीय आणि डीलर फक्त कमिशन घेणार, हेही विचारा. पार्क अँड सेल असेल तर डीलरचा पैसा अडकलेला नसतो, मग व्याजाचं कारण सांगून भाव चढवता येत नाही.

पण सगळ्यात आधी तो फोन. टोकन देण्याआधी आरसी बघा आणि मालकाचा नंबर मागा. डीलरला भीती असते की आपण परस्पर व्यवहार करू, म्हणून नंबर देत नाहीत, तर म्हणा तुम्हीच तुमच्या फोनवरून लावा आणि स्पीकरवर ठेवा. गाडी कधी आणि कुणाला दिली, तेव्हा किलोमीटर किती होते, इन्शुरन्स क्लेम केला होता का, इतकंच विचारायचं. मालक सांगतो, कारण त्यालाही आरसी नावावरून काढायची घाई असते. फोन लावायलाच नाही म्हणाले तर तिथून निघा. मालकाचा ओटीपी मिळाला तर सर्व्हिस सेंटरमधून शेवटचे किलोमीटरही निघतात.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, आणि मालकाने गाडी त्याला दिल्याची नोंद फॉर्म २९सी ने करावी लागते, मग ट्रान्सफर होईपर्यंत जबाबदारी डीलरची. मी नंतर चार यार्डांत विचारलं, एकाकडेच ते सर्टिफिकेट होतं. माझ्या डीलरकडे नव्हतं. त्याने पक्कं बिलही दिलं नाही, फक्त डिलिव्हरी नोट, आणि तिच्यावर खाली बारीक अक्षरात "गाडी जशी आहे तशी, किलोमीटरची जबाबदारी आमची नाही" लिहिलेलं, जे मी सही करताना वाचलं नव्हतं. भांडायला गेलो तर त्याने तेच दाखवलं. खूप वाद घालून ट्रान्सफर त्याच्या खर्चाने करून घेतली, पैसे परत मिळाले नाहीत. ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, काकांची फाईल पुरावा म्हणून जोडलीय.

मागच्या महिन्यात माझ्या मेहुण्यासाठी वॅगनआर बघायला गेलो होतो. गाडी आवडली, मेकॅनिक सोबत नेला होता, त्याने एप्रन बघितले, ठीक होते. मग डीलरला स्पीकरवर फोन लावायला सांगितलं. मालकीणबाई साताऱ्याच्या, म्हणाल्या ७४ हजार झाले होते, मागून एकदा ठोकली होती, बंपर बदलला. मीटरवर ७४,३०० होते. डीलर ३ लाख ९० म्हणत होता, बंपरचं बोलून ३ लाख ७० ला दिली. त्यातले २५ हजार आम्ही हातात ठेवले, आरसी मेहुण्याच्या नावावर झाल्यावर देणार असं बिलावर लिहून घेतलं, आणि किलोमीटरचा आकडाही बिलावर लिहायला लावला.